मी लिहिलेला कडक मेसेज

दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायचं तर तोंडांची किळस ठेवून चालत नाही. मला ती कधी वाटलीच नाही. गुटख्यानं तांबडेलाल झालेले दात, रक्तानं भिजलेले कापसाचे बोळे, बेसिनमध्ये पडलेली दाढ, हे सगळं पाहून मी दोन वाजता डबा उघडून निवांत भाकरी खाल्लेली आहे. मला शिसारी आली ती मोबाईलवरच्या पाच ओळींची. त्या ओळी मीच लिहिल्या होत्या आणि लिहून झाल्यावर दोनदा वाचून खूशही झाले होते. ती खुशी आठवली की आजही तोंड कडू होतं.

दवाखान्यात येण्याआधी मी जालन्यातल्या एका छापखान्यात पंधरा वर्षं मजकूर टाईप करायचे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, तेराव्याची पत्रं. लोक चिठ्ठीवर काहीबाही खरडून आणायचे आणि मी त्याचं शुद्ध, नटवं मराठी करून द्यायचे. पुढे पत्रिका मोबाईलवरच जायला लागल्या, छापखाना बंद पडला आणि मी दातांच्या मॅडमकडे लागले. मॅडम माझ्याहून दहा वर्षांनी लहान. हात इतका हलका की सुई टोचलेली कळू नये. पण एकटीच डॉक्टर, एकच खुर्ची आणि बाकावर सदा पाच-सात माणसं. टेंभुर्णीहून, वडीगोद्रीहून एसटीनं येणारे, रोलिंग मिलमधून पाळी संपवून तसेच येणारे.

एका खुर्चीच्या दवाखान्यात वेळ चुकवणारा माणूस म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळत नाही. रूट कॅनालसाठी तासभर राखून ठेवायचा. अवजारं उकळून, पाकिटातून काढून मांडायची. आणि माणूस यायचाच नाही. तोवर बाकावर कोणी गाल धरून बसलेला असतो, त्याला आपण दोन दिवसांनंतरची तारीख दिलेली असते, कारण हा तास भरलेला आहे असं वहीत लिहिलेलं असतं. मॅडम हातमोजे घालून दारात येऊन उभ्या राहायच्या आणि जिन्याकडे बघायच्या. त्यांचं ते बघणं मला सहन व्हायचं नाही.

मग एक पोरगेला विक्रेता आला आणि आठवण करून देणाऱ्या मेसेजची योजना देऊन गेला. मजकूर कंपनीचाच. पहिला मेसेज उघडला तर त्यात एक हसरा दात डोळा मारत होता आणि खाली लिहिलं होतं, "तुमचे सुंदर हास्य तुमची वाट पाहत आहे!" ज्या माणसाची दाढ रात्रभर ठणकते त्याला हे! मी मॅडमना म्हटलंसुद्धा, की असला गुळचट मजकूर मी तर बारशाच्या कार्डावरही घातला नसता. मॅडम म्हणाल्या, मजकुराचं सोडा, खाली उत्तराची सोय आहे ती बघा. येणार असाल तर एक दाबा, येणार नसाल तर दोन दाबा.

दोन महिने आम्ही ते चालवलं. सगळे एक दाबायचे. वही भरलेली, फोनवर एकच एक, आणि खुर्ची रिकामी. मॅडम चिडायच्या, की लोक खोटं बोलतात. मी पण री ओढायचे. खरं तर आमच्या भागात वाढलेल्या बाईला हे कळायला हवं होतं. आमच्याकडे कुणी बोलावलं तर तोंडावर नाही म्हणत नाहीत. लग्नाचं बोलावणं असो की सत्यनारायणाचं, माणूस "येतो ना, बराबर येतो" म्हणतो, आणि जायचं की नाही ते त्या दिवशी सकाळी ठरवतो. नाही म्हणणं म्हणजे बोलावणाऱ्याचा अपमान. त्यात ही तर डॉक्टरीण, उद्या तिच्याच हाताखाली तोंड उघडायचं आहे. तिला दोन दाबून नकार कोण देणार? एक दाबणं म्हणजे येतो असं नव्हतंच, ते नुसतं "तुमचा मान राखला" एवढंच होतं. पंधरा वर्षं लोकांची बोलावणी लिहून मला एवढं समजलं नाही.

एक दिवस लागोपाठ तीन माणसं आली नाहीत. मॅडमनी हातमोजे काढून आपटले आणि मला म्हणाल्या, "तुम्ही लिहिता ना चांगलं, मग लिहा जरा कडक. दोनदा न येणाऱ्याला वाचून लाज वाटली पाहिजे."

मला कुणीतरी पुन्हा काहीतरी लिहायला सांगितलं होतं. मी त्या दुपारी मान वर केली नाही. असं लिहिलं:

"आपण दोन वेळा वेळ घेऊन आला नाहीत. आपल्यासाठी राखून ठेवलेला डॉक्टरांचा वेळ वाया गेला. आपल्या दाढेत पू झालेला असून उपचार अर्धवट आहे. न आल्यास पू वाढून दाढ काढावी लागेल. त्यास आपण स्वतः जबाबदार राहाल."

वर पेशंटचं पूर्ण नाव, खाली दवाखान्याचं. आजार काय तो केसपेपर बघून प्रत्येकाचा वेगळा घालायचा, ही शक्कलही माझीच. पाचही वाक्यं आखूड, शेवटच्यात वकिलाच्या नोटिशीचा दरारा. मॅडमना वाचून दाखवलं तर त्यांना फार आवडलं. दवाखान्याच्या फोनवरून मी तो मेसेज चार-पाच जणांना पाठवला. त्यांत एक बाई होत्या.

त्या बियाण्याच्या कारखान्यात निवडायला जायच्या. एमआयडीसीत हंगामाच्या तोंडावर बाया पट्ट्याशी बसून फुटकं, किडकं, डागी बी वेचून काढतात. औषध लावलेल्या बियाण्याची धूळ उडते म्हणून सगळ्या नाकातोंडाला रुमाल गुंडाळतात. बोटं मात्र गुलाबी होतात, धुतली तरी जात नाहीत. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं काटक. पहिल्या बैठकीला उजवीकडची खालची दाढ उघडून मॅडमनी नस काढली होती, आत औषध ठेवून वर कच्चं सिमेंट भरलं होतं. मी त्यांना समजावलं होतं, की मावशी, हे कच्चं आहे, आठ-दहा दिवसांत पुढची बैठक झाली पाहिजे. नाही तर सिमेंट निघून जाईल, पोकळ दाढेवर भाकरी चावली तर दाढ चिरेल आणि मग वाचणार नाही. त्या डाव्या बाजूनं आधीच दोन दाढा गमावून बसल्या होत्या. या बाजूची गेली तर चावायचं कशानं, हे त्यांचं त्यांनीच मला विचारलं होतं. म्हणजे त्यांना कळलेलं होतं. तरी दोन तारखा चुकल्या. दोन्ही वेळा फोनवर एक आलेला होता.

कडक मेसेज गेला, त्यावर वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या आणि पुढे काहीच झालं नाही. बाकीच्यांपैकी एकानं आमचा नंबर ब्लॉक करून टाकला. आठवडा गेला. केसपेपर पुढ्यात होता, कच्च्या सिमेंटचे दिवस कधीच संपले होते. मग मी फोन लावला.

फोन एका पुरुषानं उचलला. मी बाईंचं नाव घेतलं तर म्हणाला, तो मुकादम आहे, कारखान्यावर बाया नेणारा टेम्पो त्याचाच. बाईंच्या घरातला एकच मोबाईल पोराजवळ, आणि पोरगा कामासाठी पुण्याकडे. म्हणून त्यांच्यासारख्या दोघी-चौघी जिथं तिथं मुकादमाचा नंबर देतात, कारण तो फोन कधी बंद नसतो. मी विचारलं, की मग तो एक कोण दाबत होतं? म्हणाला, मीच की. डॉक्टरला न्हाई कसं म्हणायचं? मी म्हटलं, मग त्यांना सोडलं का नाही? त्यावर तो म्हणाला की हंगाम आहे, एकीला सोडलं की दहा जणी दाढ धरून उभ्या राहतात.

माझा पारा चढत होता, पण तो पुढचं बोलला ते मी कधी विसरणार नाही. आवाजात नुसती मजा होती.

"म्याडम, तुमचा त्यो मेसेज लई भारी व्हता. मी गाडीच्या ग्रुपवर टाकला. समद्या बायांच्या घरी वाचला."

मी फोन ठेवला. मी आत जाऊन बेसिनवर तोंड धुतलं. आधी वाटलं, त्या माणसाची घाण वाटते आहे. एका बाईच्या तोंडातला पू चावडीवर मांडणारा माणूस, त्याला शिव्या देणं सोपं होतं. पण त्यानं काय लिहिलं होतं? काहीच नाही. त्यानं फक्त पुढे ढकललं. लिहिलेलं सगळं माझं होतं. केसपेपरवरचा आजार उचलून मी कुणाचा फोन आहे हे न विचारता कुणाच्याही हातात दिला होता, वर नाव घालून.

माझं घर एमआयडीसीच्याच बाजूला. त्या संध्याकाळी मी घरी न जाता सहाच्या सुमारास टेम्पो थांबतो त्या नाक्यावर जाऊन उभी राहिले. बाया येत होत्या, गुलाबी बोटं, केसांत धूळ. मावशी सगळ्यांच्या मागून एकट्या आल्या. मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू दवाखाना आता इथवर पाठलाग करत आला. मी म्हटलं, "मावशी, बोलवायला नाही आले. विचारायला आले."

टेम्पो भरेपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या. दोन चुकलेल्या तारखांचं कारण त्यांनी सरळ सांगितलं. पहिल्या वेळी मुकादमानं सोडलं नाही. दुसऱ्या वेळी त्यानं अर्धा दिवस दिला होता, पण ती अमावस्या होती आणि अमावस्येला दाताला हात लावू देणार नाही म्हणून त्या स्वतःच आल्या नाहीत. तारीख त्या मेसेजच्या योजनेच्या कॉम्प्युटरनं दिली होती, कॉम्प्युटरला अमावस्या कुठली? पण मला होती. भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं होतं, माझ्या डोक्याच्या मागेच. आमच्या घरातही त्या दिवशी कुणी नवं काम धरत नाही.

मग मी मेसेजचं विचारलं. त्या खालीच बघत होत्या.

"आधी गाडीत बसलं की बाया तोंडावरचे रुमाल सोडायच्या," त्या म्हणाल्या. "दिवसभर धूळ खाल्ल्याली, गाडीत मोकळं बोलायचं, हसायचं. आता मी चढले की बांधूनच ठेवतेत. माझ्या डब्यातलं लोणचं बी घेईनात. म्हणतेत, हिच्या तोंडात पू हाय."

मी सांगून टाकलं, की मावशी, तो मेसेज मीच लिहिला. वाटलं होतं की त्या भडकतील, चार शब्द सुनावतील, आणि मला ते हवंच होतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, जणू मी कोण हे आता कळलं.

"लई चांगलं लिव्हतीस मंग तू," त्या म्हणाल्या. "एकदा वाचला अन् समद्यांला पाठ झाला."

त्यात टोमणा नव्हता, हे जास्त वाईट. सिमेंटचं विचारलं तर म्हणाल्या की ते चार दिवसांपूर्वीच भाकरीबरोबर निघून गेलं. खरंच वास येत असंल का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी जवळच उभी होते आणि मला बियाण्याच्या औषधाशिवाय कसलाही वास येत नव्हता. तसं सांगितलं तर त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांना शुक्रवारी सुट्टी असते. मी पर्समधल्या कागदावर शुक्रवार, सकाळी अकरा असं लिहून दिलं आणि अमावस्या नाही हेही सांगितलं. त्यांनी कागद कमरेच्या पिशवीत घातला. येते म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. टेम्पो निघाला तेव्हा त्या मागच्या फाळक्याला टेकून बसल्या होत्या आणि आतल्या सगळ्या बायांची नाकं झाकलेली होती. उघडं तोंड एकट्या त्यांचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमसमोर सगळं मांडलं. त्या ओशाळल्या, पण लगेच म्हणाल्या की मग काय, पुन्हा त्या हसऱ्या दातावर जायचं का? लोक येत नाहीत ते नाहीतच. मी म्हटलं, लोक येत नाहीत ते निगरगट्ट आहेत म्हणून नाही. कुणाला सुट्टी मिळत नाही, कुणाची एसटी चुकते, कुणाची अमावस्या असते, आणि ते आपल्याला सांगायची वाट आपण ठेवलेली नाही. आपण फक्त दोन दारं ठेवली, हो म्हणा नाही तर अपमान करा.

मग मी नवा मजकूर लिहायला बसले आणि पहिल्यांदाच काहीतरी नटवं लिहायची भीती वाटली. पाच-सहा वेळा लिहून खोडलं. "कृपया" घातलं तर सरकारी वाटायचं, "अवश्य" घातलं तर दटावल्यासारखं. "आपली वाट पाहत आहोत" हे लिहिलं आणि त्यात तोच डोळा मारणारा दात दिसला, ते खोडलं. शेवटी एवढं उरलं:

"नमस्कार. गुरुवारी दुपारी दोनची वेळ तुमच्यासाठी ठेवली आहे. जमत नसेल तर 'दुसरी' एवढंच कळवा, दुसरी वेळ देऊ."

खाली दवाखान्याचं नाव आणि फोन. वर नाव नाही, आजार नाही, दात-दाढ काही नाही. वार आधी, कारण आमच्याकडे माणसं वारानं चालतात, बाजार कोणत्या वारी हे लक्षात राहतं, तारीख राहत नाही. मॅडमनी वाचलं आणि तोंड वाकडं केलं. फार पडखाऊ आहे म्हणाल्या, आणि हे तर कुणाचंही असू शकतं. मी म्हटलं, मॅडम, तेच तर पाहिजे. फोन मुकादमाच्या हातात असो की सासऱ्याच्या, वाचणाऱ्याला वेळेपलीकडे काही कळता कामा नये. आणि "दुसरी" म्हणजे नकार नाही, ते दुसरं बोलावणं मागणं आहे, ते म्हणायला कुणाला जड जात नाही.

त्या दिवशी आम्ही आणखीही काही ठरवलं. मेसेज एकदा दोन दिवस आधी जाणार, म्हणजे सुट्टी मागायला, शेजारणीवर पोर सोपवायला अवधी मिळेल, आणि एकदा त्याच दिवशी सकाळी. चुकलेल्याला मेसेज पाठवायचाच नाही, मी स्वतः फोन करायचा आणि पहिलं वाक्य "बरं आहे ना?" हे. केसपेपरवर मी एक ओळ वाढवली, हा फोन कुणाकडे असतो, आणि त्यावर मेसेज टाकलेला चालेल का. हा प्रश्न विचारायला लागले तेव्हा कळलं की कितीतरी जणांचे नंबर दुसऱ्याचेच होते. किराणावाल्याचा, भाच्याचा, शाळेतल्या शिपायाचा. एवढे दिवस आम्ही लोकांची दुखणी त्यांच्या हाती देत होतो. कालनिर्णय मी पाठीमागून काढून समोर टांगलं.

"दुसरी" यायला लागलं. पहिल्या आठवड्यात एक-दोन, मग रोजच. तो मोकळा झालेला तास गाल धरून बसलेल्या माणसाला देता यायचा. मॅडम दारात उभ्या राहून जिन्याकडे बघायच्या हे हळूहळू कमी झालं, अगदी बंद झालं नाही. त्या मला शाबासकी द्यायच्या आणि मला ती नको व्हायची. जुना मेसेजही त्यांना असाच आवडला होता.

नवा मजकूर ठरला त्यानंतर दोनच दिवसांनी, शुक्रवारी अकराला पाच मिनिटं असताना मावशी जिना चढून आल्या. बाकावर बसल्या, रुमाल नाकातोंडाला घट्ट बांधलेला. दवाखान्यात कसली धूळ? मी म्हटलं, सोडा मावशी, इथं सगळी उघडीच तोंडं असतात. त्यांनी खुर्चीवर बसेपर्यंत सोडला नाही.

मॅडमनी आरशानं पाहिलं, फोटो काढला आणि मला आत बोलावून पडद्यावर दाखवला. पोकळ दाढ मधोमध चिरली होती आणि चीर हिरडीच्या खाली मुळापर्यंत गेली होती. सिमेंट पडलं तेव्हा लगेच आल्या असत्या तर दाढ राहिली असती. आता काढण्याशिवाय इलाज नव्हता. मॅडमनी त्यांना सगळं समजावलं, त्यांचा होकार घेतला, हिरडी बधिर केली आणि दाढ दोन तुकड्यांत काढली. मी ट्रे धरून उभी होते. ते दोन तुकडे बघताना मला दाढेची किळस आली नाही, माझ्या हातांची आली.

कापसाचा बोळा दाबून मावशी टेबलाशी आल्या. मी नेहमीच्या सूचना सांगितल्या. बोळा अर्धा तास दाबून ठेवा, आज थुंकू नका, गरम खाऊ नका, चूळ उद्यापासून. मग केसपेपर पुढे ओढला आणि म्हटलं, की मावशी, तुमचा नंबर खोडून टाकते, पुढच्या वेळी काय ते कागदावरच लिहून देत जाईन.

त्यांनी माझं मनगट धरलं. बोळ्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते, तरी त्या सावकाश बोलल्या.

"दाढ गेली तर गेली ताई. नंबर राहू दे. त्याच नंबरवर आता टाक, की हिचा पू गेला म्हून. तुझं लिव्हल्यालं समदे वाचतेत."

दोन दिवसांपूर्वीच मी मॅडमना छातीठोक सांगितलं होतं, की आजाराचं अक्षरही मेसेजात येणार नाही. मावशींना मी म्हटलं, की अशानं पुन्हा चर्चा होईल. त्या म्हणाल्या, होऊ दे, आधीची थांबल. ज्यांचं तोंड त्यांनीच सांगितल्यावर मी कोण नाही म्हणणारी? दवाखान्याचा फोन घेतला आणि त्यांच्यासमोर लिहिलं, प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचत. वर त्यांचं पूर्ण नाव, कारण त्यांना ते हवं होतं. "तुमच्या दाढेचा उपचार आज पूर्ण झाला. आता पू नाही. तोंड स्वच्छ आहे." त्यांनी आणखी एकदा वाचायला लावलं. मग खाली डॉक्टरीणबाईंचं नाव टाक म्हणाल्या, तेही टाकलं.

मेसेज पाठवला. त्या टेबलाला टेकून पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. दोन खुणा आल्या, थोड्या वेळानं निळ्या झाल्या. मुकादमानं वाचलं, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, रुमाल न बांधता हातात घेतला आणि जिना उतरून गेल्या.

आठवड्यानं जखम दाखवायला आल्या. हिरडी छान भरत होती, मॅडम खूश होत्या. जाताना मी विचारलं, गाडीत काय म्हणतात आता बाया? त्या म्हणाल्या, काही न्हाई, रुमाल हायेत तसेच हायेत.

तो मेसेज मुकादमानं ग्रुपवर टाकलाच नव्हता.